फुकट वायफायला फुल्ल रेंज, तरी पान उघडत नाही: अडतंय कुठे?

«कॅफेत, स्टेशनवर, ट्रेनमध्ये फुकट वायफायला जोडलं की रेंज फुल्ल दिसते, पण पान काही लवकर उघडत नाही. असं का होतं? आणि नेमकं कुठे अडलंय हे आपल्याला कळू शकतं का?»

कळू शकतं, आणि त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. मी बरीच वर्षं नेटवर्क बसवायचं आणि सांभाळायचं काम करतोय. «वायफाय स्लो आहे» ही तक्रार आली की मी आधी तीन गोष्टी तपासतो: दार उघडलंय का, वाट तुंबलीय का, आणि माणशी मर्यादा लावलीय का. रेंजच्या दांड्या यातलं काहीच सांगत नाहीत. छतावरच्या त्या वायफायच्या डब्याचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, एवढंच त्यांच्यावरून कळतं. डब्याच्या पुढे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो.

आधी दार. बऱ्याचदा नेट हळू नसतं, ते बंदच असतं. नेटवर्कला जोडल्याबरोबर फोन गुपचूप एक ठरलेला पत्ता उघडून बघतो. अँड्रॉइड सहसा `http://connectivitycheck.gstatic.com/generate_204` वर जातो आणि त्याला रिकामं 204 हे उत्तर हवं असतं. ते न येता दुसरंच पान आलं, की इथे लॉगिन लागतं हे फोन ओळखतो आणि साइन-इनचं पान समोर आणतो. गंमत अशी की हॉटस्पॉटला हे पान फक्त साध्या `http` च्या मध्येच घुसवता येतं. `https` च्या मध्ये घुसला तर ब्राउझर धोक्याची सूचना देतो आणि अॅप नुसतं गोल गोल फिरत राहतं. आता तुमचं अर्ध्या किंवा एक तासाचं सत्र मध्येच संपलं, तर फोन वायफायला जोडलेलाच दिसतो, पण सगळी अॅप्स फिरत बसतात. बघणाऱ्याला वाटतं, नेट रांगतंय.

अशा वेळी ब्राउझरमध्ये `http://neverssl.com` उघडा. लॉगिनचं पान आलं, तर दुखणं तेच होतं. तेही येत नसेल तर व्हीपीएन आणि अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस थोडा वेळ बंद करून बघा, कारण हे दोन्ही त्या पानाची वाट अडवू शकतात. लॉगिन झालं की परत चालू करायला विसरू नका.

दार उघडं आहे आणि तरी हळू चालतंय, तर लॅपटॉपवर दोन पिंग करा. पिंग म्हणजे एक छोटा निरोप पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` चालवलं की Default Gateway समोर एक आकडा दिसतो. तो म्हणजे तिथल्याच राउटरचा पत्ता. पहिली पिंग त्याला, दुसरी बाहेरच्या जगाला:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिल्या ओळीत तुम्हाला दिसलेला पत्ता घाला. पहिली पिंग तुमच्यापासून राउटरपर्यंतची हवा तपासते, दुसरी त्याच्या पुढची तार. काही ठिकाणी राउटर पिंगला उत्तरच देत नाही, तिथे या खुणेचा उपयोग नाही.

मागे एका स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना हे सगळं मी एकाच बैठकीत पाहिलं. लॉगिन झालेलं, दांड्या फुल्ल, आजूबाजूला गर्दी. राउटरची पिंग आली 180 मिलिसेकंद, मग 35, मग 410, मग `Request timed out`. पलीकडे चार पावलांवरच्या डब्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागतोय, म्हणजे हवाच तुंबलेली.

वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यामुळे खरी वाटणी वेगाची नसते, वेळेची असते. 1500 बाइटचं एक पाकीट 300 एमबीपीएसला साधारण 0.04 मिलिसेकंदात जातं. तेच पाकीट लांब उभ्या असलेल्या, 6 एमबीपीएसवर आलेल्या फोनला 2 मिलिसेकंद घेतं. म्हणजे त्याच्या एका पाकिटाच्या वेळात जवळच्या फोनची पन्नास गेली असती. कोपऱ्यात रेंजच्या काठावर बसून व्हिडिओ बघणारे चार जण सगळ्या दालनाचं नेट हळू करतात ते असं. त्यात त्यांची काही चूक नसते. डबे कमी बसवले किंवा लांब लांब बसवले की हे होणारच.

मी उठून दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे माणसं विरळ होती आणि लॅपटॉपने 5 गिगाहर्ट्झ पकडलं. राउटरची पिंग 4, 3, 5. बाहेरची पिंगही स्थिर. हवा मोकळी, तार मोकळी. तरी वेगाची चाचणी केली तर काटा पहिले दोन-तीन सेकंद 12 पर्यंत गेला आणि 1.9 वर येऊन बसला. पुन्हा केली, 1.9. तासाभराने गर्दी ओसरल्यावर केली, तरी 1.9.

गर्दीमुळे आलेला आकडा वर-खाली होतो, माणसं गेली की सुधारतो. असा एका जागी खिळलेला आकडा दिसला की समजा, माणशी 2 एमबीपीएसची मर्यादा लावलेली आहे. सुरुवातीची ती उसळी म्हणजे लहान पानं पटकन उघडावीत म्हणून दिलेली थोडी सूट. इथे जागा बदलून किंवा पुन्हा जोडून काही होत नाही.

पण मर्यादा लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. समजा मागे 100 एमबीपीएसची लाइन आहे आणि 50 जण एकाच वेळी काहीतरी उतरवतायत. वाटा 2 चाच येतो. मर्यादा नसती, तर एकाच्या फोनचा अपडेट बाकी 49 जणांच्या तोंडचा घास घेऊन जाईल. 2 मध्ये साधा व्हिडिओ कॉल निभावतो. 3 मेगाबाइटचं पान मात्र 12 सेकंद घेतं. फोटोंचा बॅकअप मागे चालू असेल तर तुमच्या वाट्यातलं बरंच तोच खातो, म्हणून फुकट वायफायवर तो आधी बंद करावा. एवढी एक गोष्ट खरोखर तुमच्या हातात असते.

ट्रेनमध्ये चित्र उलटं असतं. गाडीच्या डब्यातली हवा बहुधा ठीक असते, राउटरची पिंग 3-4 येते, पण बाहेरची 600 आणि मध्येच गायब. कारण बहुतेक गाड्यांत ते वायफाय छतावरच्या अँटेनातून मोबाइलच्याच टॉवरला जोडलेलं असतं. एक टॉवर सुटून दुसरा धरेपर्यंत, किंवा बोगद्यात, सगळ्या गाडीचं नेट एकदमच अडखळतं. समजा त्या क्षणी टॉवरकडून गाडीला 40 एमबीपीएस मिळतायत आणि 80 जण जोडलेले आहेत, तर माणशी अर्धा एमबीपीएस. तुमच्या फोनचं स्वतःचं नेट त्याच वेळी नीट चालत असेल, तर वायफाय सोडून त्यावर या. पण खिडक्यांच्या काचांवर धातूचा थर असेल तर फोनचा सिग्नल आतच मरतो आणि छतावरचा अँटेनाच वरचढ ठरतो, म्हणून दोन्हीची बाहेरची पिंग एकदा करून बघा आणि जिची कमी तुटते तिच्यावर राहा.