एलमन अभिकर्मक: सुरुवात बीएसएपासून करा

प्रथिनातले मोकळे थायॉल, म्हणजे सिस्टीनचे SH गट, मोजायचे असतील तर तुमचं प्रथिन जरा बाजूला ठेवा आणि आधी बीएसएवर, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनवर, हात बसवा. त्यात ३५ सिस्टीन असतात, पण मोकळा थायॉल एकच.

pH ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये थोडं ईडीटीए घाला, मग डीटीएनबी, म्हणजेच एलमन अभिकर्मक. पंधरा मिनिटांनी ४१२ नॅनोमीटरवर शोषण मोजा. समजा क्युव्हेटमध्ये प्रथिन ६० मायक्रोमोलर आहे आणि अभिकर्मकाचा ब्लँक वजा करून ०.५१ उरलं. १ सेंमी क्युव्हेट असेल तर शोषण भागिले मोलर शोषण गुणांक, ०.५१ ÷ १४,१५०, म्हणजे ३६ मायक्रोमोलर थायॉल, प्रतिरेणू ०.६. घाबरू नका, बाजारातल्या बीएसएत काही थायॉल आधीच ऑक्सिडीकृत झालेले असतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- आधी वापरलेलं डीटीटी पूर्ण न काढणं, त्यात स्वतःचेच थायॉल असतात. मग आकडा अवाच्या सवा येतो.
- मूळ द्रावणाची संहती धरणं. धरायची ती क्युव्हेटमधली.

प्रथिन उलगडणाऱ्या ग्वानिडीनचं नंतर बघू, तिथे गुणांकही बदलतो.