मांडीचं डिसेक्शन: सार्टोरिअस उचलण्याआधी

मांडीच्या नर्व्ह्ज पाठ करताना कप्प्यापासून सुरुवात कर. पुढचा कप्पा फिमोरलचा, आतला ऑब्ट्युरेटरचा, मागचा सायॅटिकच्या टिबिअल भागाचा. व्हायव्हात मात्र अपवादच विचारतात. ॲडक्टर मॅग्नस आतल्या कप्प्यात असला तरी इस्चिअल ट्युबरॉसिटीपासून निघणारा त्याचा भाग मुळात हॅमस्ट्रिंग, म्हणून त्याला टिबिअल. बायसेप्सच्या शॉर्ट हेडला कॉमन पेरोनिअल.

आता ॲडक्टर कॅनाल. सार्टोरिअस मधोमध कापून दोन्ही टोकं उलटलीस की खाली चिवट पडदा दिसेल, तेच छत. घाईत इथेच सुरी चालते आणि सॅफेनस नर्व्ह तुटते. छताला वरच्या टोकाकडून छोटा छेद दे, आत प्रोब सरकव आणि त्याच्यावरच कापत खाली ये. सॅफेनस नर्व्ह फिमोरल धमनीच्या बाहेरच्या बाजूने येऊन तिच्यापुढून आत वळते. धमनी हायटसमधून गुडघ्यामागे जाते, सॅफेनस जात नाही. ती छत भेदून सार्टोरिअस आणि ग्रॅसिलिसच्या मधून बाहेर पडते. तिच्या बाहेरच्या बाजूची, व्हॅस्टस मेडिॲलिसमध्ये शिरणारी नर्व्ह वेगळी. ओळखायला हलकेच ओढून बघ: स्नायूत रुतते ती मोटर.

गुडघा बदलल्यावर भूल इथे देतात ती याचमुळे. वेदना कमी होते, पण क्वाड्रिसेप्सच्या बाकीच्या फांद्या वरच फुटलेल्या असल्याने पेशंट बहुधा उभा राहू शकतो. औषध जास्त झालं आणि वर फिमोरल ट्रँगलकडे पसरलं, की गुडघा दुमडतो.