पणजीच्या वहीतले दोन चिक्कप्पा

"आई, पणजीने काढलेल्या वंशावळीच्या फोटोत दोन माणसांपुढे ‘चिक्कप्पा’ लिहिलंय, पण त्यांची गावं वेगळी आहेत. आणि ‘अत्ते’ लिहिलेल्या बाईकडे दोन घरांतून रेघा गेल्यात. पणजीचं चुकलंय का? मी वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये काय भरू?"

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

पणजीचं काहीही चुकलेलं नाही. तिचं माहेर शिमोग्याचं, घरात कन्नड. सासर बेळगावचं, घरात मराठी. वही तिने सासरी आल्यावर देवनागरीत लिहिली, पण माहेरच्या माणसांना ती ज्या नावाने हाक मारायची तेच त्यांच्यापुढे लिहिलं. म्हणून आधी कुठलाही शब्द वाचायच्या आत एक ठरव: प्रत्येक नातं तिच्यापासून मोजलेलं आहे. तिच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल कर, मगच पुढे जा. तुझ्यापासून मोजायला लागलीस की सगळं विस्कटेल.

आता चिक्कप्पा. कन्नडमध्ये वडिलांच्या धाकट्या भावाला चिक्कप्पा म्हणतात आणि आईच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यालाही. शिमोग्याचा चिक्कप्पा तिचा सख्खा काका. सागर गावचा चिक्कप्पा तिच्या मावशीचा नवरा, रक्ताचा नव्हे. आपणही मावशीच्या नवऱ्याला काकाच म्हणतो, तेव्हा इथवर तुला नवल वाटायला नको. खरी गफलत त्यांच्या मुलांपाशी होते. मराठीत एक चुलतभाऊ, दुसरा मावसभाऊ. कन्नडमध्ये दोघेही भाऊच: मोठा असेल तर अण्णा, धाकटा असेल तर तम्म. म्हणजे वहीत ‘तम्म’ दिसला की तो पणजीचा सख्खा धाकटा भाऊ असेलच असं नाही. शब्द सोडून रेघ बघ, ती कुठल्या जोडप्याखालून निघते ते. रेघ पुसट असेल तर जन्मसालं मदतीला येतात. दोन ‘तम्म’ एकाच साली जन्मलेले असतील आणि जुळे नसतील, तर बहुधा त्यातला एक तरी चुलत किंवा मावस आहे.

अत्तेची गोष्ट मात्र मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अत्ते म्हणजे वडिलांची बहीण, आणि सासूसुद्धा अत्तेच. दोन रेघा म्हणूनच आहेत. एक वर शिमोग्याला जाते, जिथे ती पणजीच्या वडिलांची बहीण आहे. दुसरी खाली येते ती बेळगावच्या पणजोबांकडे, कारण ती त्यांची आई. पणजीची आत्या बेळगावात दिलेली होती आणि पुढे भाची सून होऊन त्याच घरात आली. पणजोबांच्या बाजूने बघितलं तर त्यांनी मामाची मुलगी केली. कर्नाटकात हे सर्रास होतं आणि महाराष्ट्रातही बऱ्याच समाजांत चालत आलंय. मराठीतही त्याची खूण राहिली आहे: जुन्या घरांत सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत, मग लग्न नात्यातलं असो वा नसो.

इथेच प्रोग्रॅममध्ये घोळ होतो. ‘आत्या’ म्हणून एक बाई आणि ‘सासू’ म्हणून दुसरी, अशी तिची दोनदा नोंद करू नकोस. बाई एकच, कुटुंबं दोन. प्रोग्रॅमची GEDCOM फाइल उघडून पाहिलीस तर तिची नोंद अशी दिसली पाहिजे:

```
0 @I7@ INDI
1 FAMC @F1@
1 FAMS @F2@
1 NOTE वहीत: अत्ते
```

FAMC म्हणजे ती जिथे मुलगी आहे ते शिमोग्याचं कुटुंब, FAMS म्हणजे जिथे बायको आहे ते बेळगावचं. प्रोग्रॅमला आत्या, मामा, चिक्कप्पा काही ठाऊक नसतं. त्याला फक्त आईबाप, मुलं आणि लग्न एवढंच कळतं, आणि तेवढं नीट भरलं की बाकीची नाती आपोआप निघतात. पणजीचा शब्द मात्र NOTE मध्ये जसाच्या तसा ठेव. तिथे ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ लिहून टाकलंस तर कुठला चिक्कप्पा कोण हे पुढच्या माणसाला शोधता येणार नाही.

बरोबर भरलंस की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. माझ्या बाबांचे पूर्वज काढ. तीन पिढ्या वर एरवी आठ माणसं येतात, पण बाबांचे आईवडील आत्ये-मामे भावंडं असल्यामुळे तिथे सहाच वेगळी माणसं निघाली पाहिजेत, म्हणजे शिमोग्याचं एक जोडपं तक्त्यात दोनदा दिसेल. आठ वेगळी आली, तर अत्ते किंवा तिचे आईवडील कुठेतरी दोनदा भरले गेलेत.

आणखी एक. फोटोत वहीची घडी बरोबर सागरच्या चिक्कप्पाच्या रेघेवरून गेली आहे, त्यामुळे त्याची मुलं दोन की तीन ते दिसत नाही. वही बेळगावला मामाकडे आहे. त्याला सांग की पान सपाट धरून, वरून सरळ, खिडकीपाशी दिवसाउजेडी पुन्हा फोटो काढ, आणि घडीचा भाग जवळून वेगळा घे. नवा फोटो येईपर्यंत त्या मुलांची नोंद करू नकोस.

तुझी
आई