'मजेत ना?' विचारण्याआधी

बाबू,

मागच्या आठवड्यात तुझ्या ग्रामपंचायतीत तासभर बसलो होतो. दारात कोणीही आलं की तुझं ठरलेलं, 'या जी, या! मजेत ना?' माणसं त्यानं मोकळी होतात, ते सोडू नको. पण मृत्यूची नोंदही आपल्याच टेबलावर होते. त्या माणसाला 'मजेत ना' विचारलं, तर तो सवयीनं 'हो' म्हणून जातो आणि मग त्याच्याच 'हो'नं त्याचा चेहरा उतरतो.

मी नवा होतो तेव्हा एक मामा आले, डोकं सफाचट. भर ऑफिसात मी म्हटलं, 'काय मामा, तिरुपतीहून का?' ते म्हणाले, 'नाही जी, माय गेली.' त्या दिवशी मला मान वर करवली नाही.

आता ओळखायचं कसं? नोंद 21 दिवसांत करायची असते आणि घरचे लोक बहुतेक तेरवी झाल्यावरच बाहेर पडतात. म्हणजे ते येतात त्या मधल्या आठवड्यात. डोक्यावर नुकते खुंट फुटलेले असतात, त्यावर दुपट्टा गुंडाळलेला असतो. बाई असली तर सोबत दीर नाही तर भाऊ असतो, आणि ती दारातच थबकते. पण प्रत्येक जण मुंडण करत नाही, प्रत्येक समाजाची रीत वेगळी. म्हणून खात्री नसेल तेव्हा आवाज खाली आणून एवढंच म्हण, 'राम राम जी, बसा.' हे कोणालाच खटकत नाही. पाणी दे. काम ते स्वतःच सांगतील.

तुला आधीच माहीत असेल, तर 'ऐकलं काकू, वाईट झालं' एवढं पुरे. तोंड पाडून बसू नको, तेही नाटकी वाटतं. आणि 'कसे गेले?' हे चार लोकांत विचारू नको. आपल्या कापसाच्या पट्ट्यात त्याचं उत्तर कधी कधी फवारणीच्या डब्यात असतं. अर्जात कारण लिहावं लागलंच, तर खुर्ची जवळ ओढून हळू विचार.

कागदावर 'मयत' लिहिलेलं असतं, ते तोंडानं वाचू नको. परवा त्या काकूंना तू 'मयताचं नाव सांगा' म्हणालास, तेव्हा त्यांनी दिराकडे पाहिलं. नाव तोंडातून निघेना. 'भाऊंचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहू ना?' असं म्हटलं असतंस, तर त्यांनी पिशवीतून कार्ड काढून दिलं असतं.

निघताना 'या पुन्हा' हेही नको. दुःखाच्या घरून उठताना आपण 'येतो' म्हणत नाही, तसंच हे. 'दाखला झाला की कोतवालाच्या हाती निरोप धाडतो' असं सांग, आणि खरंच धाड.

तुझा,
काका