एमआरएनए तेवढाच, प्रथिन मात्र कमी

प्रश्न: सोलापुरात एम.एस्सी. करतोय. मायक्रोआरएनएमुळे जनुक गप्प होते असे शिकवतात, पण आमच्या प्रयोगात एमआरएनए जवळपास तेवढाच राहिला आणि प्रथिन बरेच कमी झाले. प्रयोग चुकला का?

उत्तर: केवळ या दोन निरीक्षणांवरून तसे म्हणता येणार नाही. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी सूत्रकृमीतील लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए शोधला, तेव्हाही लिन-१४ जनुकाचे प्रथिन घटलेले आणि एमआरएनए मात्र जवळपास तेवढाच, असेच चित्र दिसले होते.

सोलापुरात पदव्युत्तर वर्गांना हा भाग शिकवताना माझा अनुभव असा आहे, की विद्यार्थी एसआयआरएनएचे काम मायक्रोआरएनएवर लादतात. एसआयआरएनए लक्ष्याशी पूर्णपणे जुळतो, त्यामुळे आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्याच्या दहाव्या आणि अकराव्या न्यूक्लिओटाइडसमोर एमआरएनएचा थेट छेद घेते. प्राण्यांमधील मायक्रोआरएनए सहसा दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडपर्यंतच घट्ट जुळतो आणि मधला भाग न जुळल्यामुळे हा छेद होत नाही. त्याऐवजी आर्गोनॉट जीडब्ल्यू-१८२ या प्रथिनाला जोडून घेते. त्याच्यामार्फत भाषांतर रोखले जाते, एमआरएनएची पॉली-ए शेपटी कापत नेली जाते, आणि पुढे टोपी निघाली की उरलेला रेणू नष्ट होतो.

या घटना एकाच वेळी घडत नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म मला इथेच दिसते. झेब्राफिशच्या भ्रूणातील एमआयआर-४३० वर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फलनानंतर सुमारे ४ तासांनी लक्ष्य एमआरएनएवरील रायबोसोम कमी झाले होते, पण एमआरएनएचे प्रमाण फारसे बदलले नव्हते. ते ६ तासांच्या सुमारास घसरले. म्हणजे ४ तासांचाच नमुना घेतला असता, तर तुमच्यासारखाच निष्कर्ष हाती आला असता. सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये मात्र पुरेसा काळ गेल्यावर प्रथिनातील घटीचा मोठा भाग एमआरएनए नष्ट झाल्यामुळेच असतो, त्यामुळे दोन दिवसांनंतरच्या नमुन्यातही तो तसाच राहिला असेल, तर मी शंका घेईन.

सीडीएनए कोणत्या प्रायमरने बनवला, हेही तपासा. ऑलिगो-डीटी शेपटीला धरतो, रँडम हेक्सामरला शेपटी लागत नाही. ऑलिगो-डीटीने घट दिसली आणि हेक्सामरने दिसली नाही, तर शेपटी आखूड झालेला एमआरएनए अजून शिल्लक असण्याची शक्यता आहे.

सर्वांत आधी मात्र नियंत्रण प्रयोग करा. लक्ष्याचा ३' अनअनुवादित भाग ल्युसिफरेजमागे जोडा, आणि दुसऱ्या रचनेत मायक्रोआरएनए जुळतो त्या जागेतील तीन-चार बेस बदला. पहिल्या रचनेत चमक घटली आणि दुसऱ्या रचनेत ती पूर्ववत झाली, तर परिणाम थेट त्याच जागेतून होतो आहे. दोन्हींत सारखीच घटली, तर मायक्रोआरएनएने दुसरेच काही दाबल्यामुळे तुमचे प्रथिन कमी झालेले असू शकते.