आँसियँ आणि प्रोप्र: विशेषण आधी की नंतर?

प्रश्न: फ्रेंचमध्ये आँसियँ, प्रोप्र अशी विशेषणं नामाआधी आली की एक अर्थ आणि नंतर आली की दुसरा, असं शिकवतात. हे नेहमी लागू पडतं का? इंग्रजीत विशेषण आधीच येतं, मग भाषांतरात हा फरक कसा दाखवतात?

आँसियँसाठी बऱ्यापैकी लागू पडतं, प्रोप्रसाठी मात्र जपून.

नामानंतर आलेलं आँसियँ त्या वस्तूचं वय सांगतं. 'मेझों आँसिएन' म्हणजे जुनं, बऱ्याच वर्षांपूर्वी बांधलेलं घर. (मेझों स्त्रीलिंगी, म्हणून आँसिएन.) नामाआधी आलं की ते वस्तूबद्दल न बोलता नामाबद्दल बोलतं: हे नाव किंवा हे नातं आता लागू नाही. 'मों आँसिएन मेझों' हे पूर्वी माझं असलेलं घर, मग ते दहा वर्षांपूर्वी बांधलेलं का असेना.

पॅरिसचं ओर्से संग्रहालय घ्या. ते 'आँसिएन गार दोर्से'मध्ये आहे असं फ्रेंच लिहितात. गार म्हणजे रेल्वे स्थानक. हे स्थानक 1900 साली सुरू झालं. पुढे लांब गाड्यांना त्याचे फलाट अपुरे पडू लागले आणि 1939 नंतर लांब पल्ल्याची वाहतूक तिथून थांबली. 1986 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आँसिएन इथे आधी आहे, कारण सांगायचंय ते इतकंच की हे आता स्थानक नाही. 'गार आँसिएन' म्हटलं तर ते जुन्या बांधणीचं स्थानक, आणि तिथे आजही गाड्या थांबत असतील.

इंग्रजीला जागा बदलता येत नाही, म्हणून ती शब्द बदलते: आधीच्या आँसियँला फॉर्मर, नंतरच्याला ओल्ड किंवा एन्शंट. घोटाळा होतो तो ओल्डमुळे, कारण त्यात दोन्ही अर्थ आहेत. 'द ओल्ड स्टेशन' म्हटलं तर पूर्वीचं स्थानक हा अर्थ सहज निघतो. 'माय ओल्ड स्कूल'चंही तसंच. पण 'अॅन ओल्ड मिल' म्हटलं की वाचकाला जीर्ण गिरणीच दिसते. त्यामुळे कुणी 'आँसियँ मुलँ'मध्ये राहतं असं फ्रेंच वाक्य असेल, तर चांगला भाषांतरकार 'कन्व्हर्टेड मिल' लिहितो. म्हणजे गिरणी होती, आता राहतं घर आहे. मराठीत 'जुना'ची हीच अडचण आहे, आणि 'माजी' माणसांपुरतंच चालतं. माजी आमदार असतो, माजी गिरणी नसते.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. आँसियँच्या आधी 'त्रे' म्हणजे 'खूप' आलं, तर विशेषण नामाआधी असूनही अर्थ 'फार जुना' असाच होतो. साहजिक आहे, एखादी गोष्ट 'खूप माजी' असू शकत नाही.

प्रोप्रचा मूळ नियम सोपा आहे. 'मे प्रोप्र मँ' म्हणजे माझे स्वतःचे हात, इंग्रजीत 'माय ओन हँड्स'. 'मे मँ प्रोप्र' म्हणजे माझे स्वच्छ हात. आधी आलेल्या प्रोप्रसोबत बहुतेक वेळा माझा, त्याचा असा मालकीदर्शक शब्द असतो, आणि इंग्रजी ओनलाही तो लागतोच, म्हणून इथे भाषांतर अडत नाही.

अडतं ते नंतरच्या प्रोप्रवर, कारण त्याचा अर्थ दर वेळी 'स्वच्छ' नसतो. 'नों प्रोप्र' हे विशेषनाम, 'साँस प्रोप्र' हा शब्दाचा वाच्यार्थ. कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेत तर 'स्वतःचा' हा अर्थ नामानंतरच टिकून राहिला आहे. राजीनाम्याचं पत्र 'आँ मँ प्रोप्र' दिलं, म्हणजे ते समक्ष, हातोहात दिलं. नियम पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास 'स्वच्छ हातात' असं लिहितो. 'बियँ प्रोप्र' म्हणजे पतीची किंवा पत्नीची वैयक्तिक मालमत्ता, दोघांची सामाईक नव्हे. इंग्रजीत 'सेपरेट प्रॉपर्टी'. ताळेबंदातलं 'कापितो प्रोप्र' इंग्रजीत नुसतं 'इक्विटी' होतं, तिथे ओन, क्लीन, प्रॉपर यांतला एकही शब्द उरत नाही. अशा ठरीव जोड्यांत जागेवरून अर्थ काढू नये, अख्खी जोडी कोशात बघावी.

शंका आली तर एक पडताळा घेता येतो: विशेषण नामापासून तोडून 'आहे'च्या वाक्यात टाका. 'हे घर आँसिएन आहे' याचा अर्थ फक्त जुनं. 'हात प्रोप्र आहेत' याचा फक्त स्वच्छ. पूर्वीचा आणि स्वतःचा हे अर्थ या रचनेत येतच नाहीत. तेव्हा मूळ वाक्याची अशी फोड केल्यावर अर्थ बिघडत असेल, तर इंग्रजीत फॉर्मर किंवा ओन हवं, किंवा ती ठरीव जोडी आहे.