रांग बघू नका, रांग लावणाऱ्याकडे बघा

प्रश्न: माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. रोज सगळ्या गाड्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून रांगेत लावतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. लहान मुलं असं का करतात?

आमच्याकडे गाड्या नव्हत्या, सुताचे रिकामे कोन होते. सोलापुरात पूर्व भागात घर, खाली वडिलांचे चार पॉवरलूम, टॉवेलचं काम. सूत संपलं की कागदी कोन पोत्यात जातात, आणि वेगवेगळं सूत मिसळू नये म्हणून आमच्याकडे कोनाच्या टोकाच्या रंगावरून ते ओळखतात. पोरगं अडीच वर्षांचं झालं आणि त्या पोत्यावर त्याची नजर गेली. संध्याकाळी लूम बंद झाले की हा पोतं ओढत वर आणणार, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांग लावणार, आधी लाल टोकाचे, मग पिवळे, मग निळे. मध्ये कुणाचा पाय लागला की भोकाड. जेवायला उठवलं तर जाताजाता वळून बघणार, कुणी हलवलं तर नाही ना.

गंमत म्हणजे तेव्हा त्याला रंगांची नावंच येत नव्हती. "हा कुठला रंग?" विचारलं की प्रत्येकाला "लाल". पण हातात कोन दिला की बरोबर त्याच्या जागी. नंतर कळलं की हाच क्रम असतो, आधी 'सारखं' आणि 'वेगळं' दिसायला लागतं, नाव मागून येतं. या वयात मुलाला पहिल्यांदाच उमगतं की पसाऱ्यात आपण ठरवलेला नियम घालता येतो, आणि एकदा घातला की उद्या परत जमतो का हे बघायचं असतं. बाकी त्याच्या हातात काय असतं हो? कधी झोपायचं, काय खायचं, कुठला शर्ट, सगळं आपण ठरवतो. रांग तेवढी त्याची.

नियम पक्का मात्र नसतो. आमचा लाल-लाल-लाल लावत जायचा, मध्ये एक लाल पट्ट्याचा पिवळा कोन आला की तिथून पुढं पट्ट्यावालेच शोधायचा, लाल गेला विसरून. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजेनं नेमकं हेच लिहून ठेवलंय, लहान मूल एका गुणावरून लावायला लागतं आणि मध्येच दुसऱ्या गुणावर घसरतं, कारण पूर्ण ढिगाचा एकच नियम डोक्यात धरून ठेवणं त्याला अजून जमत नसतं. आणि 'अगदी असंच पाहिजे' हा हट्ट साधारण दोन ते चार वर्षांत सगळ्यात जास्त असतो, पुढं ओसरतो. 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांना मुलांच्या असल्या सवयी विचारून हे दाखवलं होतं.

आता माझी ताई. ती पुण्यात असते. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आली, रांग बघितली, फोटो काढला आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "याला दाखव, हे ऑटिझमचं लक्षण आहे, मी व्हिडिओ बघितलाय." आईचा घास हातातच राहिला. माझे वडील म्हणाले, "अगं मी पण कोन रंगानंच लावतो की, मला बी दाखवू का?" सगळे हसले, ताई सोडून. मी चिडून काहीतरी वाईट बोललो आणि ती दुसऱ्या दिवशीच गेली.

व्हिडिओवाल्यांनी ते हवेतून आणलेलं नाही. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरनं 1943 मध्ये 11 मुलांवर ऑटिझमचा जो पहिला लेख लिहिला त्यात वस्तू ठरावीक क्रमानं लावणं आणि काहीही बदललं की अस्वस्थ होणं आहेच, आजच्या निकषांतसुद्धा खेळणी रांगेत लावणं उदाहरण म्हणून येतं. पण ते एकटं पुरत नाही. लोकांशी देवाणघेवाण, नजर-हातवारे, नाती जुळवणं यात अडचण असावीच लागते. लोक पहिलं वाक्य ऐकतात आणि फोटो काढतात.

बायकोच्या जिवाला घोर लागला म्हणून शेवटी गेलो डॉक्टरकडं. मला वाटलं रांगेबद्दल विचारतील, मी तर कोनांची पिशवीच घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी मागून त्याला नावानं हाक मारली, वळला. खिडकीतून रिक्षा दिसली तर त्यानं बोट दाखवून माझ्याकडं बघितलं, रिक्षा मला पण दिसली का म्हणून. त्यांनी ते लगेच टिपलं. काहीतरी पाहिजे म्हणून बोट दाखवणं वेगळं आणि 'बघ की' म्हणून दाखवणं वेगळं, असं म्हणाले. मग रांग लावू दिली आणि लालमध्ये एक निळा कोन घुसवला. पोरानं तो काढला, डॉक्टरांकडं बघून म्हणाला, "चुकलं", आणि हसला. पाच मिनिटांनी दोघं मिळून उलटी रांग लावत होते.

खरं तर मला घरीच कळायला पाहिजे होतं. जत्रेनंतर त्यानं सातच कोन वेगळे काढून उभे केले होते, एकेकावर आईच्या केसांतला गजरा तोडून ठेवला आणि ओरडत सुटला, "भक्तलिंग हर्र बोला हर्र". म्हणजे जत्रेच्या मिरवणुकीत नाचवतात त्या उंच सजवलेल्या काठ्या, सात नंदीध्वज! रांगेची मिरवणूक झाली होती. कोन म्हणजे काठी, एवढं मानता येणं ही मोठी गोष्ट आहे. आणि आम्ही मात्र ताई काय बोलली यावरच भांडत बसलो होतो.

म्हणून तुमच्या मुलाच्या रांगेत एक गाडी हळूच इकडची तिकडं करा आणि त्याचा चेहरा बघा. रडला तरी हरकत नाही, समजूत निघते का, तुम्हाला खेळात घेतो का, आज ना उद्या त्या गाड्या कुठंतरी 'जातात' का, ते बघा. रोज मुद्दाम मोडू मात्र नका, आमच्या शेजारच्या काकू 'सवय मोडायला' म्हणून तेच सांगायच्या, मूर्खपणा आहे तो.

आता हे आधी लिहायला पाहिजे होतं. आमच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी पण अशाच सुंदर रांगा लावायची, घरचे म्हणायचे किती गुणी, पसारा नाही काही नाही. हाकेला वळत नव्हती, दीड वर्षापर्यंत आलेले चार शब्द गेले, ते 'मुली लाजाळू असतात' मध्ये खपवलं. चार वर्षांची झाल्यावर दाखवलं. म्हणून सांगतो, आलेले शब्द जात असतील, हाकेला ओ नसेल, दाखवायला म्हणून बोट करत नसेल, तर माझं हे उत्तर बंद करा आणि तपासून घ्या, रांग असो नसो.

म्हणजे 'दाखव' म्हणण्यात ताईचं चुकलं नव्हतं. जेवताना चारचौघांत फोटो फिरवण्यात चुकलं, आणि ते ती अजून मानत नाही. गेल्या दिवाळीत तिच्याकडं गेलो तर किचनमधले डबे उंचीप्रमाणे लावलेले, लेबलं सगळी समोर. मी गप्पा मारता मारता साखरेचा डबा उलटा फिरवून ठेवला. तिनं बोलणं न थांबवता हात लांब केला आणि सरळ केला.